वयाआधी आलेले केस

लेक तेव्हा साडेसहा वर्षांची होती. शाळेतून आली की तिच्या काखेला मोठ्या माणसासारखा घामाचा वास यायचा. रोह्याजवळ वरसेत आमचं घर. तिथला उकाडा काही नवा नाही, म्हणून मी साबण बदलला आणि विसरले. मग एका रविवारी आंघोळ घालताना तिच्या जांघेत चारदोन काळे, जाडसर केस दिसले.

"आई, पाणी गार झालं," ती म्हणाली, तेव्हा मी भानावर आले.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहीना. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या की मी लेकीची उंची त्यांच्याशी ताडून बघायची. शेजारीण म्हणाली, हल्ली चिकन-दुधातली इंजेक्शनं बाधतात, हिला लवकर पाळी येणार. मी दूध बंद केलं, दोन दिवसांनी पुन्हा सुरू केलं. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला की मी तेच तेच बोलत बसायची. शेवटी सासूबाईंना सांगितलं. त्या पेणच्या खाडीकडच्या, उभं आयुष्य मिठागरावर गेलेलं.

"नाय गो, केस आलं म्हंजे पाळी आली असं नसतं," त्या म्हणाल्या. "पन येवढ्या लहान पोरीला आलेलं मी बी बघितलं नाय. डाक्तरला दाखव."

पेणच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी लेकीलाच विचारलं, "तुला तपासू का? आई इथंच थांबेल." तिनं मान डोलावल्यावर त्यांनी उंची, वजन घेतलं, रक्तदाब पाहिला, छातीला गाठ लागते का ते चाचपलं, बाकी अवयव वयाप्रमाणे आहेत ना ते पाहिलं. मग प्रश्न. जन्मताना वजन किती? कमी होतं, मी म्हणाले. गेल्या वर्षात उंची एकदम वाढली का? घरात कुणी पुरुषी हार्मोनचं मलम लावतं का? नाही.

"हिची छाती वाढलेली नाही, म्हणजे खरं वयात येणं सुरू झालेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ते काम मेंदू आणि बीजकोशांचं. हे केस आणि हा वास वेगळीकडून येतो. किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. सहा ते आठच्या सुमारास त्या सगळ्यांच्याच अंगात सौम्य पुरुषी हार्मोन बनवायला लागतात. बहुतेकांच्यात बाहेर काही दिसत नाही. हिच्यात आधी दिसलं."

"म्हणजे काळजी नाही?"

"बहुतेक नाही. पण मुलीला आठच्या आत आणि मुलग्याला नऊच्या आत केस आले, तर तपासायचंच. क्वचित त्या ग्रंथीत जन्मजात दोष असतो, फार क्वचित गाठ. केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, मुरुमं फुटली, उंची झपाट्यानं वाढली, तर मी थांबले नसते, लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं."

डाव्या हाताचा एक्सरे काढला. त्यावरून हाडांचं वय कळतं. रक्त मात्र सकाळी लवकर द्यायचं होतं, कारण जन्मजात दोष दाखवणारं हार्मोन दिवस चढला की उतरतं, आणि मग दोष नजरेतून निसटू शकतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वडखळला ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. मी दर मिनिटाला खिडकीची काच खालीवर करत होते.

"आई, मी आजारी आहे का?" लेकीनं विचारलं.

इतके दिवस मी तिच्यासमोर कुजबुजत होते. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुझं अंग एक काम थोडं लवकर करतंय," मी म्हणाले. "ते ठीक आहे का, एवढंच बघायचंय."

"मग काच खाली ठेव ना."

वेळेत पोचलो. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी दोनदा भात करपवला. हाडांचं वय जेमतेम वर्षभर पुढे होतं. ग्रंथीचं हार्मोन तिच्या वयाला जास्त, पण अशा केसांच्या टप्प्याला साजेसं. जन्मजात दोषाची तपासणी नॉर्मल. औषध काहीच नाही. दर सहा महिन्यांनी उंची दाखवायची, वजन आटोक्यात ठेवायचं, कारण अशा काही मुलींना पुढे पाळीच्या आणि साखरेच्या तक्रारी येतात.

घरी सासूबाईंना सांगितलं. "बरं झालं," म्हणून त्या मासे साफ करायला बसल्या. मला तेवढं सहज जमलं नाही. पुढची दोन वर्षं पेणला जायचा दिवस जवळ आला की माझी झोप उडायची.

छाती वाढायला लागली ती दहाव्या वर्षी, वर्गातल्या इतर मुलींसारखीच. आता ती अकरा वर्षांची आहे. परवा दार लोटून म्हणाली, "आई, आता माझी मी आंघोळ करते. काही वेगळं दिसलं तर सांगेन."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.