शनिवारी जप्त होणारं टोकन

वाहन नोंदणीच्या कचेरीसमोर जिन्याखाली जी टायपिस्ट बसते, तिला सगळे खडूसबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. एक टेबल, एक कॉम्प्युटर, अधूनमधून कागद गिळणारा प्रिंटर आणि समोर दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची ती ठेवत नाही. व्यवहार दोघांचा असतो, तिसरा आला की तो दलालच असणार, आणि दलालाने उभंच राहावं, असा तिचा खाक्या.

तिचा एक नियम मात्र मोडत नाही. टाइप केलेला कागद ती सहीआधी मोठ्यानं वाचून दाखवते, शब्दन्‌शब्द. लोक वैतागतात. "बाई, विश्वास आहे हो आमचा!" म्हणतात. "विश्वास आहे तर कागद कशाला करताय? घरी जा," असं म्हणून ती वाचायला लागते.

त्या सोमवारी गोडबोल्या आला. जुन्या गाड्यांचा दलाल. बाईची निम्मी गिऱ्हाइकं हाच आणतो, म्हणून त्याला ती इतरांपेक्षा कमी बोलते, म्हणजे फक्त तुसडं बोलते. मागे मान खाली घालून एक तिशीतला ड्रायव्हर. आठ वर्षं दुसऱ्याची व्हॅन चालवून, शाळेची पोरं पोहोचवून त्यानं पैसे साठवले होते, आता स्वतःची घेणार होता.

"ताई, छोटंसं काम," गोडबोल्या म्हणाला. "टोकनची पावती नव्यानं लिहायची. जुनी जरा घाईत झाली."

जुनी पावती म्हणजे त्याच्या व्हिजिटिंग कार्डाची पाठ. "गाडीपोटी टोकन चाळीस हजार मिळाले." खाली त्याची सही. कुठली गाडी, केवढ्याला, बाकी किती, कधी द्यायची, काही नाही. बाईने ते कार्ड दोन बोटांत धरून पाहिलं.

"चाळीस हजार यावर दिलेस?" तिनं ड्रायव्हरला विचारलं. "भाजीवाल्याकडून सुटे परत घेताना तरी मोजतोस ना रे?"

"भाऊ घरच्यासारखे आहेत," तो म्हणाला.

"घरचेच बुडवतात. बाहेरच्याला घरात येऊ कोण देतं?"

गोडबोल्या हसला आणि सांगू लागला. एकूण किंमत तीन लाख दहा हजार. टोकन वजा जाता बाकी दोन लाख सत्तर हजार. बाकी येत्या शनिवारपर्यंत पूर्ण द्यायची, नाही दिली तर टोकन जप्त. बस्स.

बाईची बोटं थांबली. "बाकी कुठून देणार?"

"बँकेचं कर्ज मंजूर झालंय," ड्रायव्हर म्हणाला. "पण गाडीवर आधीचं कर्ज होतं. ते फिटल्याचा दाखला मिळाल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही."

"आणि दाखला कुणी द्यायचा?"

"मालकिणीनं. भाऊ आणतायत. म्हणतात, अजून आला नाही."

बाईने गोडबोल्याकडे नुसतं बघितलं. दाखला याच्या हातात, शनिवार याच्या तोंडात आणि जप्ती गिऱ्हाइकाच्या माथी. काय डोकं! हे डोकं त्यानं एखाद्या बऱ्या कामाला लावलं असतं तर आज त्याला कुणी ओळखलंही नसतं.

"असं लिहिते," ती म्हणाली. "दाखला हातात मिळाल्यापासून दहा दिवसांत बाकी."

"ताई, तुम्ही टायपिस्ट ना?" गोडबोल्याचा आवाज अजून गोडच होता. "सांगितलं तेवढं टाइप करा. गिऱ्हाइकाची हरकत नाही. काय हो, आहे का हरकत?"

"जाऊ द्या बाई," ड्रायव्हर म्हणाला. "संबंध बिघडायला नकोत."

बाईला दलालाचा राग आला त्याच्या दुप्पट याचा आला. लबाड निदान जागा तरी असतो. हा गाढव झोपेतच ओझं वाहायला निघालेला!

"बरं," ती म्हणाली. "मग विकणाऱ्याची सही. मालकीण कुठाय?"

"मी करतो ना सही."

"अधिकारपत्र दाखव. नाहीतर मालकिणीला बोलाव."

गोडबोल्यानं खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. ताईंची तब्येत बरी नसते, म्हणाला. तेवढ्यात ड्रायव्हर हळूच बोलला, "नंबर आहे माझ्याकडे. गाडी बघायला गेलो तेव्हा घेतला होता. पण भाऊ म्हणाले, मध्ये फोन केलास तर भाव चढेल."

"लाव," बाई म्हणाली. "स्पीकरवर."

मालकीण बालवाडी चालवायची. दिवसभर पोरांवर ओरडून कमावलेला आवाज जिन्याखाली घुमला. "दाखला? अहो, पंधरा दिवस झाले येऊन! त्या दलालाला तीनदा कळवलं. तो म्हणतो, गिऱ्हाइकाकडे पैसेच नाहीत, दुसरं बघतो, तीस हजार जास्त देणारं आहे."

"आणि टोकन?" बाईने विचारलं.

"कसलं टोकन?"

गोडबोल्या घसा खाकरू लागला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिला.

मालकीण अर्ध्या तासात तीच व्हॅन स्वतः चालवत आली, दाखला आणि गाडीचे मूळ कागद घेऊन. तिनं गोडबोल्याला जे सुनावलं, ते तिच्या पोरांनी कधी ऐकू नये. तिच्यासमोरच त्याला चाळीस हजार तिच्या खात्यात टाकावे लागले. मग बाईने तिला बसायला खुर्ची दिली आणि पावती नव्यानं टाइप केली. गाडीचा, चेसिसचा, इंजिनचा नंबर. एकूण किंमत, मिळालेलं टोकन, उरलेली बाकी. दाखला आज दिला. बाकी आजपासून एकवीस दिवसांत, बँकेमार्फत. घेणाऱ्यानं उगाच माघार घेतली तर टोकनातले दहा हजार जप्त, उरलेले सात दिवसांत परत. बँकेनं लेखी नकार दिला तर सगळं टोकन परत. विकणारीनं माघार घेतली किंवा गाडी दुसऱ्याला दिली, तर टोकन परत आणि वर दहा हजार. आधीची पावती रद्द. कार्डावर आडव्या रेघा मारून तिनं ते मागे टाचलं.

वाचून झालं. पावतीवर चिकटवलेल्या महसुली तिकिटावर मालकिणीची सही झाली, बाजूला ड्रायव्हरची. दोन प्रती, एकेकाला एकेक. मालकीण व्हॅन घेऊन गेली. गोडबोल्या आधीच सटकला होता, आणि यापुढे तो गिऱ्हाईक आणणार नाही हे बाईला पक्कं ठाऊक होतं. मेला, गेला तर गेला. पण प्रिंटरचा हप्ता काही त्याच्याबरोबर जाणार नव्हता, आणि त्याचाही तिला राग आला.

ड्रायव्हर पैसे देऊन घुटमळला. "बाई, भाऊ फार दुखावले हो. मी जाऊन जरा माफी मागून येतो."

"इकडे ये!" बाई कडाडली. तिनं स्क्रीनवर मघाचा अर्धवट मसुदा उघडला, गोडबोल्यानं सांगितलेला. "हे वाच. मोठ्यानं."

"येत्या शनिवारपर्यंत बाकी दोन लाख सत्तर हजार न दिल्यास..." त्याचा आवाज बारीक झाला. "टोकन जप्त."

"दाखला शनिवारपर्यंत मिळाला असता तुला?"

"नाही."

"मग?"

"गेले असते." तो खुर्चीवर बसला. "बाई, त्यात बायकोनं चार वर्षं साठवलेलेही आहेत. मी सही करणार होतो. तुम्ही थांबवलं नसतं तर मी केलीच असती." आणि मोठा बाप्या माणूस हुंदके देऊन रडू लागला.

बाईने पावती त्याच्या हाताखालून ओढून बाजूला घेतली.

"रडायचं तर पलीकडे तोंड कर," ती म्हणाली. "सहीची शाई अजून ओली आहे."