एक कप कण्या

आमच्या बमरोलीच्या दवाखान्यात आहार समजावून सांगणारी एक गुजराती बेन होती. तिने मला स्वतःच्या घरातला वजनकाटा आणि एक मापाचा कप आठ दिवस वापरायला दिला, म्हणून मी सातव्या महिन्यात माहेरी जाऊ शकले. आधी हे सांगते, कारण बाकीचं सांगताना मी नेहमी रडायला लागते आणि तिचं नाव राहून जातं. नाव म्हणजे तरी काय, मी तिला बेनच म्हणायची.

सहाव्या महिन्यात माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पंधरा दिवस खाण्यावर सांभाळून बघू. जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत आली तर ठीक. नाही आली तर इन्सुलिन सुरू करू, मग तुला इथेच आमच्या नजरेखाली राहावं लागेल. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. पहिलं बाळंतपण, आणि धुळ्याकडच्या आमच्या गावात आई डिंक निवडून बसलेली. लग्न होऊन दोन वर्षं परमुलखात, कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढली होती मी. आईच्या अंगणात पाय पसरून बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

बेनने एक कागद दिला. त्यावर चार धान्यं, शंभर ग्रॅममागे. तांदूळ: प्रथिनं आठ, कर्बोदकं अठ्ठ्याहत्तर. ज्वारी: दहा आणि अडुसष्ट. बाजरी: अकरा आणि बासष्ट. नागली, म्हणजे नाचणी: सात आणि सदुसष्ट. एका जेवणात धान्यातून चाळीसच्या आसपास कर्बोदकं घ्यायची, बाकी डाळ-भाजी. भात असेल तर एक कप.

मी सातवीतून शाळा सोडली. पण कमी-जास्त मला कळतं. ज्वारीत भातापेक्षा कमी, म्हणजे ज्वारी जास्त खाल्ली तरी चालेल. शिवाय घरून पिशवी आली होती. आमच्या शेतातली दादर ज्वारी, आईने जाडीभरडी दळून पाठवलेली. तिच्या कण्या शिजवल्या की खोलीत आमच्या स्वयंपाकघराचा वास यायचा. ताक ओतून एक ताट खायची, मग अर्धं अजून. फोनवर आई म्हणायची, "पोटभर खाय वं पोरी. आपला घरनी दादर शे. मोजीसन कोनी खास का?"

पाचव्या दिवशी साखर एकशे अडुसष्ट आली.

मी बेनपुढे कागद धरला. म्हटलं, भाताला हातसुद्धा लावला नाही, नुसती ज्वारी खाल्ली.

"कितनी?"

मी हाताने ढीग दाखवला.

"ये सूखे का हिसाब है," ती म्हणाली. "थाली में सूखा खाती है क्या? घोड़ी है?"

बाजूच्या बाया हसल्या. मी हसले नाही. तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने खुर्ची जवळ ओढली आणि अर्धी गुजराती, अर्धी हिंदी करत समजावलं. धान्य शिजताना पाणी पितं. पाण्याने वजन वाढतं, पण आतलं पीठ जेवढं होतं तेवढंच राहतं. कुठलं किती फुलतं, आणि तू किती घट्ट शिजवतेस, यावर एका कपात काय येणार ते ठरतं. माझ्या कागदावर तुझ्या कण्या नाहीत, म्हणाली. तूच शिजवून मोज. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून काटा आणि कप आणून दिला.

तो आठवडा आमच्या खोलीत नुसती मोजामोजी. रोज एक धान्य. कोरडं बरोब्बर शंभर ग्रॅम, नेहमीसारखं शिजवायचं, आणि कपाने काढून बघायचं किती कप भरले.

तांदळाचे दोन कप झाले. अठ्ठ्याहत्तरचे अर्धे एकोणचाळीस, प्रथिनं चार. इथपर्यंत सोपं.

कण्यांचा दीडच कप झाला. मी भांडं खरवडून पुन्हा मोजलं, दीडच. आता अडुसष्टला दीडने भागायचं कसं? शाळेत तेवढं शिकायचंच राहिलं होतं. मग अर्ध्या कपाच्या मुदी केल्या. तीन झाल्या. अडुसष्टचे तीन वाटे, एकेक साडेबावीसच्या जरा वर. दोन मुदींचा एक कप, म्हणजे पंचेचाळीस. कागदावर कमी दिसणारी ज्वारी कपात भातापेक्षा जास्त निघाली होती, कारण भात मोकळा, मध्ये हवा धरून, आणि माझ्या कण्या घट्ट. आणि मी रोज दोन कप खात होते. नव्वद.

नवरा कामावरून आला तेव्हा ओट्यावर मुदी मांडलेल्या. "मी दिवसभर लूमवर कापडाचे मीटर मोजतो, तू कप मोज," तो म्हणाला. "पोरगं बाहेर येईल तर टेप घेऊनच." मग एक मूद उचलायला गेला. मी त्याच्या हातावर मारलं. अजून प्रथिनं काढायची होती. दहाचे तीन वाटे, त्यातले दोन, पावणेसातच्या जवळ. भातापेक्षा बरीच जास्त. म्हणजे ज्वारी वाईट नव्हती. मी वाढून घेत होते ते वाईट होतं.

बाजरीचा भरडा जरा सैल शिजवते मी. पावणेदोन कप झाला, म्हणजे पाव कपाच्या सात मुदी. एका कपात पस्तीस आणि सहा. नागलीची पेज शंभर ग्रॅम पिठाची चार कप झाली, एका कपात जेमतेम सतरा, प्रथिनं दोनसुद्धा नाहीत. मला वाटलं, सापडलं औषध. बेनने मान हलवली. "नागली ने नहीं कम किया, पानी ने किया. गाढ़ी बनाएगी तो दुगुना." दोनच कप होतील इतकी घट्ट केली तर तेहतीसच्या वर जाईल, हे मग मीच करून दाखवलं. ती म्हणाली, "अब तू मेरे को सिखा."

त्यानंतर माझं जेवण ठरलं. पाऊण कप कण्या, वर कण्यांचाच एक चमचा, बास. मटकीची उसळ आणि ताक. पोट भरायचं. मन नाही. पाऊण कप ताटात इतका एकटा दिसायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मन्ही पोर मापी खास." मी म्हटलं, माय, मापून खाल्लं तरच तुझ्याकडे येता येईल.

पंधराव्या दिवशी एकशे चौदा आली. पुढच्या तपासणीला एकशे दहा. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: गावी जायला हरकत नाही, तिथे आठवड्याला तपासणी करावी. मी तिथल्याच बाकावर बसून आईला फोन लावला.

आठ दिवस झाल्यावर काटा आणि कप परत करायला गेले होते, तेव्हा बेन घाईत होती, रांग लागलेली. म्हणाली, उपवासाला तुमच्या बाया भगर खातात ना, त्या मला विचारतात कप किती, आणि माझ्याकडे तर कोरड्याचाच आकडा आहे. मी म्हटलं, मी काढून देते. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. मी परत बमरोलीत आहे, बेनची मात्र दुसरीकडे बदली झाली. भगर अजून मोजली नाही. पण काटा विकत घेईन, शंभर ग्रॅम शिजवीन, मोकळी आणि आसट अशी दोन्ही करून कप काढीन, आणि ती जिथे असेल तिथे तो कागद तिच्या हातात नेऊन देईन.