काकूंची फुली

काकू एका जागी बसतील तर शपथ. मी या संगणक लॅबची असिस्टंट, खुर्च्या सरळ करता करता जीव जातो, आणि ही बाई दर पाच मिनिटांनी खुर्ची सरकवून उठणार, खिडकीपाशी जाणार, परत येणार. वय पंचेचाळीस. कचेरीत वीस वर्षं टायपिंग केलं. आता कचेरीनं सांगितलंय, हा प्रोग्रॅमिंगचा कोर्स पास व्हा, तर नव्या विभागात घेऊ. नाहीतर जुनं टेबल आहेच. त्या टेबलाचं नाव काढलं तरी त्यांचा पाय हलायला लागतो.

परवा फुली-गोळा खेळणारा प्रोग्रॅम लिहायच्या असाइनमेंटची तपासणी होती. सगळ्यांचे प्रोग्रॅम झटपट जिंकत होते. काकूंची पाळी आली तेव्हा सरांनी आधीच भुवई चढवली होती. काकूंचा मुलगा इंजिनीअर, हे वर्गभर माहीत.

"मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय?"

"मग कोण लिहिणार?"

"बघू."

संगणकानं डाव्या कोपऱ्यात वर फुली मारली. सरांनी शेजारी गोळा. संगणकाची दुसरी फुली पहिलीच्या खाली. आता खालचा डावा कोपरा मिळाला की उभी ओळ पुरी. सरांनी तो अडवायचा सोडून मुद्दाम उजव्या कोपऱ्यात खाली गोळा टाकला.

आणि संगणकानं फुली मधल्या घरात मारली!

अगं बाई, हातातोंडाशी आलेला डाव सोडला! काकूंचा चेहरा पांढरा पडला. मग सरांनी तो कोपरा अडवला, तर संगणकानं मधली आडवी ओळ पुरी करून डाव जिंकला.

"असं का केलं यानं?" सरांनी विचारलं.

काकू उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. पडद्यावरच्या घरांवरून बोट फिरवत बोलायला लागल्या. "हा सगळ्या चाली शेवटपर्यंत खेळून बघतो. स्वतःच्या वेळी जास्तीत जास्त गुण धरतो, तुमच्या वेळी कमीत कमी. जिंकलं की दहा. आता जिंका की दोन चालींनी, दहाच. मधलं घर त्या कोपऱ्याच्या आधी तपासलं, तिथे दहा मिळाले, मग तेच घेतलं. जितक्या चाली जास्त तितके गुण वजा करायला हवे होते. माझ्या डोक्यातच नाही आलं."

सर हसले. "ते वजा करणं मी शिकवलंच नव्हतं. तरी बाकी सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये ते आहे, इंटरनेटवरून उचललेलं. तुमच्यात नाही. म्हणजे तुमचं तुम्हीच लिहिलंय. पास."

मला वाटलं, आता ही बाई पेढे मागवते की काय. पण काकू लालबुंद झाल्या होत्या.

"म्हणजे माझं चुकलं म्हणून ते माझं? बरोबर आलं असतं तर मी चोर ठरले असते, होय ना सर?"

सरांनी पासच्या सहीसाठी पेन उघडलं.

"सही नंतर करा," असं म्हणून काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि ते गुण वजा करणं लिहायला घेतलं.