मैनाने सोडलेला उतारा

मैना ढेबे पहिल्यांदा आमच्या अभ्यासिकेत आली तेव्हा तिने दाराजवळची खुर्ची घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती उठली नाही. महाडमधली ही अभ्यासिका म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. मी तुडील गावची, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेच्या दोन वाऱ्या करून बसलेली. मैना पोलादपूरकडची. कापडे गावाच्या वर डोंगरात तिची वाडी, धनगरांची दहा-बारा घरं, म्हशी, थोडी नाचणी. वाडीतून खाली उतरून कॉलेज पूर्ण केलेली ती पहिलीच मुलगी. पुढे आम्ही दोघींनी मिळून एक खोली भाड्याने घेतली, म्हणून तिचं सगळं मला जवळून माहीत.

तिचा एक स्वभाव होता. हातात घेतलेलं ती अर्धवट सोडायची नाही. कुकरची रिंग बसत नसेल तर बसेपर्यंत ती जेवण मांडायची नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक प्रस्तावनेपासून सूचीपर्यंत वाचायची. त्यामुळे इतिहास, भूगोल, राज्यघटना तिची पक्की होती. आम्ही तिलाच विचारायचो.

त्या वर्षी आम्ही दोघींनी पूर्वपरीक्षा दिली. सकाळचा सामान्य अध्ययनाचा पेपर देऊन ती हसत बाहेर आली. दुपारी सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमत्तेचा पेपर. त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवर असतात. उतारा वाचायचा आणि त्याखालच्या पाच प्रश्नांची उत्तरं त्यातूनच काढायची. या पेपरचे गुण पुढे धरत नाहीत, फक्त तेहतीस टक्के पडावे लागतात. म्हणून आम्ही सगळेच त्याला हलकं समजायचो.

पहिलाच उतारा काळ आणि अनुभव यांच्यावर होता. वाक्यं अशी की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी. मैनाने तिथूनच सुरुवात केली, कारण तो पहिला होता. चौथ्या प्रश्नाला ती अडली. 'लेखकाला काय सूचित करायचे आहे?' दोन पर्याय तिने खोडले, उरलेले दोन्ही बरोबर वाटत होते. ती पुन्हा उताऱ्याकडे गेली, परत पर्यायांकडे आली, पुन्हा उताऱ्याकडे. पर्यवेक्षकांनी अर्धा वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा तिचे जेमतेम तीन उतारे झाले होते. मग ती घाबरली. शेवटचे उतारे न वाचताच तिने गोल काळे केले. चुकलेल्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात, हे तिला माहीत होतं. पण हात थांबला नाही.

निकालात तिचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. नंतर गुण कळले तेव्हा दिसलं की सकाळच्या पेपरात ती कटऑफच्या बरीच वर होती. दुपारच्यात मात्र अगदी थोडक्यात खाली राहिली.

"अनू, शेवटचा उतारा वाचला मी आत्ता," ती खोलीत बसून म्हणाली. "मधमाश्यांवर होता. पाचवीतलं पोर सोडवील असा."

ती रडली नाही. पण दोन दिवस तिने कुकर लावला नाही, मीच वडापाव आणत होते.

अभ्यासिकेत दर रविवारी धम्मपाल सर यायचे. एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे. तरुणपणी त्यांनी स्वतः ही परीक्षा वयाची मर्यादा संपेपर्यंत दिली होती. मैनाची उत्तरं त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "तुला वाचता येतं. कुठून वाचायला लागायचं ते येत नाही. आणि कुठे थांबायचं तेही."

पुढचे कित्येक रविवार त्यांनी आम्हाला एकही प्रश्न सोडवू दिला नाही. जुना पेपर हातात द्यायचे आणि विचारायचे, "कोणता आधी?" पानं चाळायची, ठरवायचं आणि कारण सांगायचं. एवढंच.

मी सगळ्यात छोटा उतारा निवडला. सर म्हणाले, "लांबी बघू नकोस. वाक्य बघ. कोणी काय केलं हे पहिल्या वाचनात सापडतं का? लांब उतारा सरळ असेल तर तो छोट्या गुंतलेल्यापेक्षा लवकर होतो. आणि खालचे प्रश्न बघ. 'उताऱ्यात काय सांगितलं आहे' असं विचारलं असेल तर उत्तर तिथेच पडलेलं असतं. 'लेखकाचा सूर कोणता', 'काय सूचित होते' असे दोन-तीन एका ठिकाणी दिसले की तो उतारा मागे ठेवा."

मैनाने ओळखीच्या विषयाचा निवडला. शेतीतल्या पाण्याचा.

"का?"

"मला माहीत आहे ना सर त्यातलं."

"म्हणूनच जपून. तुला माहीत असलेलं उत्तर पर्यायात असेल, पण उताऱ्यात नसेल."

निवडणं तिला लवकर जमलं. सोडणं जमेना. सर घड्याळ लावून समोर बसत. तीच ओळ ती तिसऱ्यांदा वाचायला लागली की टेबलावर बोटाने टकटक करत. दोनदा वाचून दोन पर्यायांचा एक होत नसेल तर प्रश्नाच्या आकड्याला गोल करायचा आणि पुढे जायचं. वेळ उरला तर परत यायचं. तेव्हाही दोनच उरले असतील तर एक निवडायला हरकत नाही. चारही तसेच उभे असतील तर जागा कोरी ठेवायची.

"सर, आता येतच होतं!" ती वैतागायची.

"येतच होतं, याला गुण नाहीत मैना."

एकदा तिने मधला उतारा सोडला आणि पुढच्या उताऱ्याची पाचही उत्तरं त्या सोडलेल्या ओळींत रंगवली. सरांनी उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली. तेव्हापासून गोल काळा करण्याआधी ती प्रश्नाचा क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणायला लागली.

मधल्या काळात तिच्या घरून फोन यायचे. आई धोंडूबाईचं एकच चाललेलं, "अगो, किती वरसं वाचशील? नात्याचं स्थळ आलंय, पोरगा मुंबईत हाय." वडील भैरू फोनवर फारसे बोलत नसत. फक्त विचारत, "जेवलीस का गो?" स्थळाचं मैना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "परीक्षा होऊ दे," एवढंच म्हणायची.

पुढच्या परीक्षेला आमचं केंद्र अलिबागला आलं. आम्ही आदल्या दिवशीच गेलो. दुपारच्या पेपरात काय झालं ते तिने मला नंतर नीट सांगितलं.

प्रश्नपुस्तिका हातात येताच तिने पानं चाळली. एकावर फुली मारली. तो भाषा आणि अस्तित्वावर होता, खाली सगळे सूचित आणि अभिप्रेत. दोन-तीनवर बरोबरची खूण केली. आणि मध्ये एक उतारा दिसला, डोंगरावरच्या चराईचा. गुरं, कुरणं, चराईबंदी. तिचा जीव हरखला. सरांनी बजावलेलं सगळं माहीत असून तिने तिथूनच सुरुवात केली.

पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यात विचारलं होतं, चराई बंद केल्यावर गवत का कमी झालं, याचं लेखकाने दिलेलं कारण कोणतं. एका पर्यायात वणव्याचं कारण होतं. वाडीवर चराई थांबली की वाळकं गवत साचतं आणि वणवा लागतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. पण उताऱ्यात वणव्याचा शब्द नव्हता. तिथे काहीतरी झुडपांबद्दल होतं. ती परत वाचायला गेली. वाचता वाचता ती त्या लेखकाशी भांडायला लागली. हा कधी डोंगरावर राहिलाय का? याने म्हैस तरी चारली आहे का?

"आणि मग माझ्या लक्षात आलं," ती म्हणाली, "की मी प्रश्न सोडवतच नाहीये. मी त्याला खोटं पाडायला बसलेय."

तिने आकड्याला गोल केला. पण पान उलटवेना. अख्ख्या पुस्तिकेत तिच्या घरचा म्हणावा असा हा एकच उतारा, आणि तोच टाकून जायचा. तिने पेन खाली ठेवलं, तळहात ओढणीला पुसले आणि पान उलटलं.

पुढचा उतारा दीपगृहातल्या भिंगांवर होता. मैनाने दीपगृह जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. त्याबद्दल तिचं स्वतःचं काहीही मत नव्हतं. जे लिहिलंय ते वाचलं, विचारलं ते शोधलं, पाचही प्रश्न झाले. क्रमांक म्हणून गोल काळे केले. मग त्याच्यापुढचा. हात बसत गेला. गणित-बुद्धिमत्तेतले येणारे प्रश्न घेतले, निर्णयक्षमतेचे सगळे सोडवले, त्यांना चुकलं तरी गुण कापत नाहीत. थोडा वेळ उरला तेव्हा ती चराईकडे परत आली. आता ते कोणा परक्या माणसाने लिहिलेलं वाटलं. झुडपांचं वाक्य समोरच होतं. आणखी दोन प्रश्न निघाले, एकाला चारही पर्याय उभे राहिले, तो कोरा ठेवला. फुलीवाल्या उताऱ्याला तिने हातच लावला नाही.

एसटी स्टँडवर तिने घरी फोन लावला. स्पीकरवर होता.

"झाला का गो पेपर?" भैरूबाबा.

"झाला बाबा. एक अख्खा उतारा सोडून दिला."

"म्हंजे? आला नाय?"

"वाचलाच नाय."

मग धोंडूबाईंचा आवाज आला, "अगो बये, वरीसभर वाचत बसलीस नि तिथं जाऊन वाचलंच नाय? मग गेलीस कशाला?"

मैना इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला.

घरी गेल्यावर तिने तो चराईचा उतारा बाबांना वाचून दाखवला. भैरूबाबांनी म्हशीचं दावं वळत शांतपणे ऐकला. "बरा लिवलाय," ते म्हणाले, "पण वणव्याचं काय?" "हेच, बाबा," मैना म्हणाली, "ह्यातच माझा वेळ गेला."

निकाल लागला. ती पूर्व पास झाली. सीसॅटमध्ये हवे होते त्याहून बरेच जास्त गुण पडले. माझं उलटं झालं. सीसॅट आरामात निघालं आणि सकाळचा पेपर नडला. त्या संध्याकाळी पेढे तिने आणले, पण सरांसमोर पुडा मला उघडायला लावला.

मुख्य परीक्षेत मात्र ती थोडक्यात राहिली. नात्याच्या स्थळाने वाट पाहून दुसरीकडे जमवलं होतं, त्याचं वाईट धोंडूबाईंना वाटलं, मैनाला वाटलं नाही. त्याच सुमारास ती आयोगाची लिपिकाची परीक्षा पास झाली आणि पनवेलला एका सरकारी कचेरीत रुजू झाली. वाडीवर तिचा सत्कार झाला, नारळ दिला, माईक बंद पडला.

आता ती पहाटे उठून पुन्हा राज्यसेवेचा अभ्यास करते आणि मग कचेरीत जाते. मी तुडीलला परत आले, शाळेत शिकवते. परवा तिचा फोन आला होता. पुढच्या पूर्वपरीक्षेचा अर्ज भरलाय म्हणाली, आणि या खेपेला केंद्र पनवेलच घेतलंय, म्हणजे सकाळी घरचं जेवून जाता येईल.