लाल रेघ

नाहूरच्या साइटवर चाचणीसाठी ओतलेल्या सहाशे मिलिमीटर व्यासाच्या पाइलवर, म्हणजे पायाच्या खोल काँक्रीट खांबावर, आम्ही टप्प्याटप्प्याने भार चढवत होतो. तीनशे वीस टनांना ती साठ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या दहा टक्के, खाली बसली. त्याचे निम्मे, म्हणजे सुरक्षित भार, एकशे साठ टन. माझ्या डिझाइनमध्ये नेमका तोच आकडा होता! मी खुशीत सही करायला पेन काढलं.

गेजचे आकडे लिहिणारे मालवणी काका म्हणाले, "साहेब, लाल रेघ बघितलीत?" पाइल बारा मिलिमीटर बसली की त्या ओळीखाली ते नेहमी लाल रेघ मारत.

"काका, मला शिकवू नका," मी खेकसलो. ते चहाला गेले.

सहीआधी मी त्यांचा कागद पाहिला. रेघेवरच्या ओळीत दोनशे दहा टन होते. त्याचे दोन तृतीयांश एकशे चाळीस. दोन्हींतला कमी आकडाच सुरक्षित भार धरायचा, हा नियम. तो विसरणाऱ्या ज्युनिअरांवर मीच आजवर ओरडत आलो होतो.

एकशे चाळीस लिहिलं. आता पाइलांची संख्या वाढणार, सगळे नकाशे पुन्हा काढायचे.

काका परतले. "उद्याच्या पाइललाही रेघ मारू ना, साहेब?"

"मारा," मी म्हणालो. "जरा जाड मारा."