साडेसातचा कॉल

त्या वर्षी बडोद्यात एका सिनेमाच्या शूटिंगवर मी सहायक दिग्दर्शक होते. दुसऱ्या दिवशी कोणी किती वाजता यायचं, तो कॉल टाइम मी ठरवायचे. पॅकअपनंतर प्रत्येकाला दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, एवढा नियम मी धरून होते.

बडोद्याजवळच्या बाजवा गावात एकदा रात्री आठ वाजता कॅमेरा थांबला आणि मी सगळ्यांना सकाळी सहाचा कॉल दिला. साडेनऊला लाइटवाल्यांचे प्रमुख शेवटची केबल ट्रकमध्ये टाकून माझ्याकडे आले.

"ताई, तुमचे दहा तास मघाशीच सुरू झाले. आम्ही तर आत्ता निघतोय."

मी शरमले. इतके दिवस मी फक्त कॅमेरा थांबल्याची वेळ धरत होते.

"तुम्ही साडेसातला या," मी म्हटलं.

दिग्दर्शक भडकले. "मग सकाळच्या कोवळ्या उन्हातला शॉट?"

"लाइटशिवाय होत असेल तर करू, नाहीतर परवा."

तो शॉट झाला नाही. दुपारपर्यंत दिग्दर्शक माझ्याशी बोलले नाहीत. मीही इतकी थकले होते की मला ते बरंच वाटलं. साडेसातला मात्र लाइटवाले दाढी करून, नाश्ता करून आले होते.