कोटेशनमधले दोन बदल

माझ्या कॉम्प्युटरमध्ये तो मेल अजून आहे. विषयाच्या जागी 'कंपनी व्हिडिओ, कोटेशन' एवढंच. खाली तीन मुद्दे: किंमत, मुदत आणि बदल. तिसरा मुद्दा मी फार ताठ्यात लिहिला होता. तो वाचताना आजही माझे कान गरम होतात.

तेव्हा आमचा स्टुडिओ जालन्यात एका सायकलच्या दुकानावर होता. आमचा म्हणजे चाचांचा, सगळे त्यांना चाचाच म्हणत; मी तिथे एडिटिंग करायचे. चाचांची सगळी हयात लग्नं शूट करण्यात गेली. परतूरपासून राजूरपर्यंत कुणाच्या कपाटातून जुन्या लग्नाची कॅसेट निघाली, की तिच्यावर चाचांच्या स्टुडिओचा शिक्का हमखास असायचा. कोटेशन हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. 'बराबर करून देऊ' म्हणाले की ठरलं. मग लग्नघरची माणसं आमच्याकडे येऊन बसत, चहा पीत आणि मामांचा आहेर अजून थोडा दाखवा म्हणत. मी दात-ओठ खात दाखवायचे.

धावड्याच्या एका लग्नाची आठवण आहे. मुलीचे वडील सात वेळा आले. सातव्यांदा म्हणाले, "समदे दिसले, पण आमचे थोरले भाऊ कुठंच न्हाईत."

आता थोरले भाऊ दिवसभर वाढपात होते, ते कॅमेऱ्यासमोर आलेच नव्हते, त्याला मी काय करणार? पण चाचांनी सगळं चित्रण पहिल्यापासून पाहायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना शोधून काढलं. पंगतीच्या टोकाला, अर्धे खांबाआड, हातात बुंदीचं पातेलं. तेवढा तुकडा आम्ही जोडून दिला. मी म्हटलं, "चाचा, याचे निदान जास्तीचे पैसे तरी मागा."

"कायचे मागू? माणूस राह्यलं तर तो बदल न्हाई बेटा. ती आपली चूक हाये."

मला ते अजिबात पटलं नव्हतं. त्यांच्या अशाच चांगुलपणापायी माझे दिवसच्या दिवस जात होते.

पुढे लग्नं ड्रोनवाल्या पोरांकडे गेली आणि आमच्या जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली. अशात एका बियाणं कंपनीतून फोन आला. विक्रेत्यांच्या मेळाव्यात दाखवायला तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. मॅनेजर म्हणाले, "किती पैसे, किती दिवस, समदं मेल करा. मालकांना लिखी लागतं." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक नियम मागत होतं.

मी मेल लिहिला. एक दिवसाचं शूटिंग, लेखन, मराठी निवेदन आणि एडिटिंग मिळून एक रक्कम, निम्मी आगाऊ. मजकूर मंजूर झाला की शूटिंग, शूटिंगनंतर दहा दिवसांत पहिला कट, मेळाव्याच्या तीन दिवस आधी शेवटची प्रत. आणि तिसरा मुद्दा: 'पहिला कट पाहिल्यावर दोन बदल करून मिळतील. त्यानंतर बदल होणार नाहीत.'

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलवर सगळं वाचलं.

"दोन म्हंजे?"

"दोनदा. ते एकदम यादी पाठवणार, आपण करून देणार. मग आणखी एकदा."

"तसं कुठं लिव्हलं हाये याच्यात?"

"कंपनीवाल्यांना कळतं चाचा."

त्यांनी मोबाइल परत दिला. मी मेल पाठवून दिला आणि त्याच दिवशी मंजुरी आली.

शूटिंगला मालकांनी एका मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. कंपनी पत्र्याच्या एका शेडमध्ये होती तेव्हा पहिल्या पिशव्या त्यांनी हातानं शिवलेल्या. आता काम सुटलेलं, वय झालेलं, पण इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी सुई-दोरा घेऊन पिशवीचं तोंड शिवून दाखवलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, म्या दिसंन ना त्याच्यात?"

"दिसाल की मावशी."

एवढं सहज बोलले मी ते.

एडिटिंगला बसले तर साडेतीन मिनिटं भरत होती. मावशींच्या बोलण्यामागे बियाणं चाळायच्या यंत्राची घरघर आली होती. तो तुकडा काढला आणि व्हिडिओ बरोबर तीन मिनिटांत बसला. मनात आलं, हवा असेल तर ते यादीत लिहितीलच. कट पाठवल्यावर चार दिवसांनी यादी आली. दोनच गोष्टी: वाणाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ, आणि शेवटच्या पाटीवरचा फोन नंबर. अर्ध्या तासाचं काम. मी चाचांना ऐकवलं, "बघा, लिहून दिलं की माणसं कशी सरळ वागतात."

मेळाव्याला आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. पुढच्या रांगेत, मालकांच्या शेजारी, मावशी बसल्या होत्या, त्याच लुगड्यात. व्हिडिओ संपला, टाळ्या पडल्या, दिवे लागले. विक्रेते चहाकडे निघाले तरी मावशी पडद्याकडे तोंड करून बसूनच होत्या. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "लई चांगलं झालं बाई. आता पुढचा भाग लागतो ना?"

मालक म्हातारे गृहस्थ, हळू आवाजात म्हणाले, "हिचं सांगायचं माझ्या मनात लई व्हतं. पण तुम्ही दोन बदल लिव्हलेत. एक नावात गेला, एक नंबरात. कबूल केलेलं मोडायचं कसं, म्हणून बोललो न्हाई."

दोन फेऱ्या लिहायच्या होत्या आणि मी दोन बदल लिहिले होते. त्या माणसानं माझा शब्द काटेकोर पाळला होता. चाचा माझ्या मागेच उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "चल बेटा, काम हाये." आम्ही चहा न घेता निघालो. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मावशींचा तुकडा मी परत जोडला, यंत्राची घरघर होती तशी ठेवली. व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा झाला आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आम्ही मावशींच्या घरी गेलो. त्यांनी स्वतःला तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळी सुनेला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "हां, आता बराबर झालं." चाचांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

चाचा जाऊन आता दीड वर्ष झालं. दुकानावरचा तो माळा आम्ही सोडला. नव्या जागेला लिफ्ट आहे, पण जिन्यात कुणी चाचांसारखं खोकलं की मी अजून दाराकडे बघते. कोटेशन मीच लिहिते, आणि नियम पहिल्यापेक्षा कडक आहेत. मजकूर मंजूर झाल्यावर निवेदन बदललं तर वेगळे पैसे. बदलांच्या फेऱ्या दोन, एका फेरीत कितीही मुद्दे, यादी एकाच माणसानं एकत्र करून पाठवायची. त्याच्याखाली आणखी एक ओळ असते. मॅनेजर लोक फोन करून तिचा अर्थ विचारतात, मग मी त्यांना धावड्याच्या थोरल्या भावांची गोष्ट सांगते. ओळ अशी आहे: 'कुणी माणूस राहून गेलं असेल, तर तो बदल धरला जाणार नाही. ती आमची चूक.'